एनआरआय म्हणजे सगळंच व्याज टॅक्स फ्री?

"मुलगा दुबईला एनआरआय आहे, मग नागपूरच्या एनआरओ एफडीच्या व्याजातून बँकेने पैसे का कापले? एनआरईचं तर पूर्ण आलं."

कारण माफी माणसाला नाही, खात्याला आहे. एनआरईमध्ये बाहेरून कमावून पाठवलेला पैसा येतो, आणि मुलगा फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे अनिवासी आहे तोपर्यंत त्या खात्याचं व्याज करमुक्त. त्याच्या धरमपेठेतल्या फ्लॅटचं भाडं इथलीच कमाई, ते एनआरओत जमा होतं, आणि एनआरओच्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३१.२% टीडीएस, ज्येष्ठांसारखी सूट-मर्यादा नाही न् टीडीएस कापू नका म्हणून देतात तो १५एच फॉर्म पण चालत नाही.

पण कापलेला टीडीएस म्हणजे शेवटचा टॅक्स नाही, हे लोक विसरतात अन् पैसे सोडून देतात, फार वाईट वाटतं! समजा व्याज १ लाख, कापले ३१,२००. भाडं २.४० लाख, ३०% वजावट जाऊन १.६८ लाख. एकूण २.६८ लाख, नवीन रिजीममधल्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत (२०२५-२६), म्हणजे टॅक्स शून्य, रिटर्न भरलं की पूर्ण परत. फक्त कमी उत्पन्नावरचा टॅक्स माफ करणारी कलम ८७ए ची सूट एनआरआयला नसते, म्हणून ४ लाखांच्या वर गेलं की टॅक्स लागतोच.