रिकामे, नमस्काराचे आणि एकशब्दी मेसेज: नियमांवर चालणारा रिप्लाय फ्लो

नियमांवर चालणारा रिप्लाय फ्लो म्हणजे आलेला मेसेज ठरलेल्या क्रमानं तपासायचा, जो नियम पहिल्यांदा जुळेल त्याचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर पाठवायचं, आणि काहीच जुळलं नाही तर एक बिनधोक राखीव उत्तर द्यायचं, ज्याला सगळे फॉलबॅक म्हणतात. यात शिकणारं मॉडेल वगैरे काही नसतं, शब्दांच्या याद्या आणि अटी एवढंच. पद्धत जुनी आहे, एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली मांडलेला एलायझा हा प्रोग्रॅम असाच कीवर्डवर चालायचा आणि कीवर्ड नाही सापडला की "बोला पुढं" छापाचं काहीतरी म्हणायचा. पण तिथं माणूस मन मोकळं करायला बसलेला होता, म्हणून ते चालून गेलं. कोल्हापुरात चप्पल लाईनीतल्या दुकानाला रात्री अकराला मेसेज टाकणाऱ्याला साईज पाहिजे असते, भाव पाहिजे असतो, त्याला "बोला पुढं" म्हणून कसं चालेल.

म्हणून इथं तेच उदाहरण धरूया, कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आणि रात्री दुकान बंद असताना येणारे मेसेज. लांब, नीट लिहिलेले प्रश्न सकाळी माणूस बघतोच, खरी अडचण बारक्या मेसेजची असते कारण त्यात धरायला काहीच नसतं.

रिकामा मेसेज हा बहुतेक वेळा रिकामा नसतोच. गिऱ्हाईक चपलेचा फोटो पाठवतं, खाली एक अक्षर लिहीत नाही, प्रोग्रॅमला मजकूर मिळतो शून्य आणि तो सांगतो "तुम्ही काहीच लिहिलं नाही", आता फोटो पाठवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल बघा. त्यामुळं मजकूर बघायच्या आधी सोबत फोटो किंवा व्हॉइस मेसेज आहे का ते बघायचं आणि "फोटो मिळाला, दुकान उघडलं की बघून सांगतो" एवढंच म्हणायचं. दुसरी गंमत म्हणजे नुसतं "?". विरामचिन्हं काढून टाकली की हे पण रिकामं दिसतं, पण त्याचा अर्थ "मघाशी विचारलंय, उत्तर द्या की" असा असतो, म्हणून साफसफाईच्या आधीच ते वेगळं ओळखायचं आणि माणसाकडं पाठवायचं.

साफसफाई म्हणजे तुलनेसाठी मजकुराची एक धुतलेली प्रत बनवायची. पायथनमधलं `strip()` साध्या मोकळ्या जागा काढतं पण न दिसणारी शून्य रुंदीची जागा तशीच ठेवतं, आणि 🙏🏻 मधला त्वचेचा रंग हे वेगळं अक्षर असतं, त्यामुळं यादीत 🙏 असूनसुद्धा जुळत नाही आणि अर्धा दिवस कारण सापडत नाही.

```python
import unicodedata
KADHA = dict.fromkeys([0x200B, 0x200C, 0x200D, 0xFEFF,
                       0xFE0F, *range(0x1F3FB, 0x1F400)])

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s or "").translate(KADHA)
    return " ".join(s.lower().split()).strip(" .,!?।")
```

यादीतले शब्द पण याच फंक्शनमधनं काढायचे, नाहीतर एका बाजूला धुतलेलं आणि एका बाजूला तसंच, असं होतं. मूळ मेसेज मात्र जसाच्या तसा जपून ठेवायचा.

नमस्काराच्या यादीत नमस्कार, नमस्ते, हाय, हॅलो, राम राम, रामराम, जय शिवराय, चांगभलं, 🙏 आणि रोमनमधलं `hi`, `namaskar` एवढं तरी पाहिजेच. इथं दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे शब्द मजकुरात कुठंही सापडला की नमस्कार समजणं, मग `mahit nahi` मध्ये `hi` सापडतं आणि "हायवेजवळ दुकान आहे का" यात "हाय" सापडतं. हे टाळायला लोक `\w+` वापरून शब्द सुटे करतात, आणि तिथं देवनागरीचा खरा घोळ होतो, कारण पायथनचं `re` काना, मात्रा, हलन्त यांना शब्दाचा भाग धरतच नाही, "नमस्कार"चे "नमस", "क", "र" असे तीन तुकडे पडतात. साधं `split()` वापरायचं, मोकळ्या जागेवर तोडायचं, आणि प्रत्येक तुकडा परत `saaf` मधनं काढायचा. दुसरी चूक जास्त त्रासदायक आहे, "नमस्कार, ८ नंबर आहे का" याला परत नुसता नमस्कार करणं. अख्खा मेसेज नमस्कार असेल तरच नमस्काराचं उत्तर, नाहीतर सुरुवातीचा नमस्कार काढायचा आणि उरलेलं पुढच्या नियमांना द्यायचं.

एकशब्दी मेसेजचा अर्थ त्या शब्दात नसतो, आपण आधी काय विचारलं त्यात असतो. म्हणून प्रत्येक संभाषणासोबत "आत्ता कोणता प्रश्न उघडा आहे" हे लिहून ठेवावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या फ्लोचा कणा हाच आहे. समजा 🙏🏻 आला, फ्लोनं विचारलं "नमस्कार! कोणती चप्पल बघताय?" आणि उघडा प्रश्न केला प्रकाराचा. उत्तर आलं "कापशी", ते प्रकारांच्या यादीत आहे, आता उघडा प्रश्न साईजचा. "८" आलं, पायथनचं `int("८")` आठच देतं, त्यामुळं देवनागरी आकड्याची वेगळी सोय नको. मग "कापशी, साईज ८, बरोबर का?" आणि उत्तर "व्हय". होकाराच्या यादीत फक्त "हो" ठेवलेलं असेल तर इथंच गाडी अडते, आपल्याकडं होय, व्हय, व्हय की, हां, बरं, चालतंय असं सगळं येतं, नकाराला न्हाई, नको, नगं. हाच "८" साईजचा प्रश्न उघडा नसताना आला तर मात्र गृहीत काही धरायचं नाही, "८ म्हणजे साईज का जोड?" असं विचारायचं. उघड्या प्रश्नाला मुदत पण द्यायची, अर्धा तास पुरे, नाहीतर दुसऱ्या दिवशी आलेला "हो" कालच्या प्रश्नाला चिकटतो आणि न मागितलेली ऑर्डर पक्की होते.

फॉलबॅक बिनधोक कधी म्हणायचा, तर त्यात भाव, शिल्लक माल, पोचायची तारीख यातलं काही नाही, गिऱ्हाईकाचे शब्द परत त्यालाच छापलेले नाहीत (कोण काय लिहील सांगता येत नाही), आणि पुढं काय करायचं ते स्पष्ट आहे. "किती" एवढंच आलं तर "भाव सकाळी १० नंतर दुकानातनं सांगतो, प्रकार आणि साईज लिहून ठेवा" हे पुरेसं. तोच फॉलबॅक दोनदा लागोपाठ गेला की माणूस चिडतो, म्हणून पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा "प्रकार, साईज, पत्ता यातलं काय पाहिजे?" असा पर्याय देणारा, आणि तिसऱ्यांदा "तुमचा मेसेज दुकानात दाखवतो" म्हणून फ्लोनं गप्प बसायचं. मोजणी शून्यावर आणायची ती एखादा नियम खरंच जुळल्यावर, नुसत्या नमस्कारावर नाही.

फॉलबॅकला पडलेला प्रत्येक मूळ मेसेज उघड्या प्रश्नासकट नोंदवायचा. साईजच्या प्रश्नावर "आठ", "aath", "८ च" असं नोंदीत दिसायला लागलं की ते साईजच्या यादीत घालायचं. आणि "मोठी" असं आलं तर ते यादीत घालायचं नाही, त्याला पायाची लांबी विचारणारा वेगळा नियम लिहायचा.