मजकूर थर (स्कॅन केलेल्या दस्तऐवजातील)

कागदाच्या स्कॅन केलेल्या चित्रामागे त्याच मजकुराची न दिसणारी, संगणकाला वाचता येणारी अक्षरे बसवून दस्तऐवज शोधण्याजोगा करण्याची पद्धत. वाचकाला पडद्यावर मूळ पानाचे चित्रच दिसते. शोध, निवड आणि नक्कल मात्र मागच्या अक्षरांवर चालते. ही अक्षरे प्रकाशीय अक्षरओळख, म्हणजे रूढ भाषेत ओसीआर, पुरवते. ग्रंथालये, न्यायालये आणि अभिलेखागारे यांत ही पद्धत सर्वपरिचित असल्याने तिच्या उपयोगांचा विस्तार येथे केलेला नाही. देवनागरी, विशेषतः मराठी मजकुराच्या बाबतीत हा थर कसा बनतो आणि कोठे फसतो, यावर या नोंदीचा भर आहे.

उगम : छापील अक्षर यंत्राने ओळखण्याचा पहिला मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. काही लेखक एडमंड फोर्निए दाल्ब यांच्या १९१३ च्या सुमाराच्या ऑप्टोफोनपासून इतिहास सुरू करतात. ते यंत्र अक्षरांचे स्वरांत रूपांतर करी आणि ओळखण्याचे काम अंध वाचकाच्या कानाकडे राही. त्यामुळे त्याला अक्षरओळख म्हणणे ताणल्यासारखे होते. गुस्ताव टाउशेक यांचे १९२९ चे जर्मन एकस्व आणि इमॅन्युएल गोल्डबर्ग यांचे त्याच सुमाराचे सूक्ष्मपटावरील नोंदी शोधणारे यंत्र, हे दोन दावे अधिक सबळ आहेत. गोल्डबर्ग यांचा हेतू साठवलेल्या दस्तऐवजांतून हवा तो हुडकण्याचा होता. या नोंदीच्या विषयाशी तोच जवळचा ठरतो.

देवनागरीच्या यांत्रिक ओळखीवरील आरंभीच्या शोधनिबंधांत आर. एम. के. सिन्हा आणि एच. महाबल यांचा १९७९ चा निबंध सामान्यतः उद्धृत होतो. बांगला व देवनागरी या दोन्ही लिप्या वाचणारी प्रणाली बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९७ मध्ये मांडली. चित्रामागे अदृश्य अक्षरे ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये बऱ्याच आरंभापासून होती, आणि १९९८ च्या डेज्व्हू या स्वरूपातही मजकुराचा दडलेला थर होता. ही कल्पना नेमकी प्रथम कोणाची, यापेक्षा १९९० च्या दशकात ती एकाहून अधिक ठिकाणी रुजली असे म्हणणे सुरक्षित वाटते.

अक्षरओळखीचे दोन मार्ग : देवनागरीत शब्दाची सर्व अक्षरे शिरोरेषेने बांधलेली असतात. जुन्या पद्धतीत आधी ही रेषा शोधून काढून टाकत. ओळीतील प्रत्येक आडव्या रांगेत किती काळे ठिपके आहेत हे मोजले, की जेथे सर्वांत जास्त भरतात ती शिरोरेषा. ती पुसली की अक्षरे सुटी होतात. मग रेषेच्या वरचा, मधला आणि खालचा अशा तीन पट्ट्यांत मात्रा, मुळाक्षरे व उकार वेगवेगळे ओळखून पुन्हा जुळवले जातात. ही पद्धत समजायला सोपी आहे आणि चूक कोठे झाली तेही तिच्यात दाखवता येते. पण पान दोनतीन अंशांनी तिरके असले, तर रेषेचे ठिपके अनेक रांगांत विखुरतात आणि पुढचे सारे गणित ढासळते. खिळ्यांच्या जुन्या छपाईत दोन खिळ्यांच्या सांध्यावर रेषा तुटलेली असते, तेथे एका शब्दाचे दोन शब्द होतात.

दुसऱ्या मार्गात अक्षरे सुटी करण्याचा प्रयत्नच नसतो. संपूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे एका न्यूरल जाळ्यातून जाते आणि जाळे अक्षरसंकेतांची माळ देते. ह्यूलेट-पॅकर्डमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यापासून १९९४ पर्यंत विकसित झालेली आणि २००५ मध्ये मुक्तस्रोत झालेली टेसेरॅक्ट ही प्रणाली २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून या मार्गाने चालते. जोडाक्षरांची विविधता पाहता देवनागरीसाठी हाच मार्ग अधिक पटण्याजोगा आहे. मात्र त्याची एक खोड लक्षात ठेवावी लागते : जाळे आजच्या मजकुरावर घडलेले असल्याने, अस्पष्ट जागी ते कागदावर जे आहे त्याऐवजी सवयीचे रूप देऊ शकते.

थराची रचना : ओळखीनंतर प्रत्येक शब्दासाठी दोन गोष्टी हाती येतात, शब्दाचे संकेत आणि चित्रातील त्याची चौकट. समजा, ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केले आहे. चित्र २४८० रुंद व ३५०८ उंच ठिपक्यांचे आहे. त्यातील एका शब्दाची नोंद अशी येते :

```
<span class='ocrx_word' title='bbox 300 600 540 660; x_wconf 91'>कागदपत्र</span>
```

चौकटीचे चार आकडे डावी, वरची, उजवी आणि खालची कड सांगतात. शेवटचा आकडा प्रणालीच्या स्वतःच्या खात्रीचा आहे. पीडीएफ इंचाचे ७२ भाग मानते आणि उंची पानाच्या तळापासून मोजते, तर चित्रात ती वरून मोजतात. म्हणून प्रत्येक आकडा ०.२४ ने गुणायचा आणि उंची उलटी करायची. डावी कड ७२ वर येते, रुंदी ५७.६ होते, आणि ८४१.९२ मधून १५८.४ वजा जाऊन खालची कड ६८३.५२ वर बसते. शब्दाची आधाररेषा तीच धरली, तर पीडीएफच्या पोटात पुढील ओळी लिहिल्या जातात :

```
BT
3 Tr
1 0 0 1 72 683.52 Tm
/f-0-0 12 Tf
120 Tz
<0915093E09170926092A0924094D0930> Tj
ET
```

यातील `3 Tr` म्हणजे ‘भरू नको, कडही काढू नको’; अक्षरे अदृश्य होतात ती या आज्ञेने. टेसेरॅक्ट त्यासाठी `GlyphLessFont` नावाचा, एकही आकार नसलेला फाँट वापरते. त्यात प्रत्येक संकेताची रुंदी फाँटच्या मापाच्या निम्मी असते. ‘कागदपत्र’ या शब्दात काना आणि हलन्तचिन्ह धरून आठ संकेत आहेत. १२ मापाला त्यांची रुंदी ४८ भरते. चौकट ५७.६ ची असल्याने तो शब्द `120 Tz` ने १२० टक्के ताणला जातो. शोधल्यावर दिसणारी रंगीत पट्टी चित्रातील शब्दावर नेमकी बसते ती यामुळे. शब्दाच्या आत मात्र ती नेमकी नसते. केवळ ‘पत्र’ शोधले, तर आठांपैकी शेवटचे चार संकेत निवडले जाऊन पट्टी शब्दाच्या बरोबर मध्यावर सुरू होते, मग छापील ‘प’ तेथे असो वा नसो. हा ओळखीतला दोष नाही.

मात्रांचा क्रम : बिनआकाराच्या फाँटचा देवनागरीला मोठा लाभ आहे, आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर साठवली जाते. खऱ्या फाँटने मांडणी केली की आकार दिसण्याच्या क्रमाने ओळीत लागतात, आणि त्या पीडीएफमधून मजकूर काढताना अनेकदा वेलांटी आधी व ‘क’ मागून असा तो बाहेर पडतो. अदृश्य थरात मांडणीच होत नाही, संकेत उच्चाराच्या क्रमाने जसेच्या तसे राहतात. परिणामी चांगल्या स्कॅनवरून केलेला थर कधीकधी थेट संगणकावर जुळवलेल्या पीडीएफपेक्षा शोधासाठी अधिक भरवशाचा ठरतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या मराठी पीडीएफमधून तर नक्कल केल्यावर रोमन अक्षरांचा कचरा मिळतो, कारण त्या फाँटांनी देवनागरी आकार रोमन संकेतांच्या जागी बसवलेले असतात.

अशा फाइलीवर साधी ओसीआर आज्ञा चालत नाही. ‘ओसीआरमायपीडीएफ’ हे बहुधा वापरले जाणारे साधन पानावर मजकूर आधीच आहे असे पाहून थांबते. निव्वळ स्कॅनसाठी पहिली आज्ञा आणि निकामी मजकूर असलेल्या फाइलीसाठी दुसरी :

```
ocrmypdf -l mar --deskew --sidecar out.txt in.pdf out.pdf
ocrmypdf -l mar --force-ocr in.pdf out.pdf
```

दुसरीत प्रत्येक पानाचे आधी चित्र केले जाते, त्यामुळे मूळ अक्षरांची रेखीवता जाते आणि फाइलही बहुधा फुगते. मूळ प्रत त्यासाठी जपून ठेवावी. पहिलीतील `--sidecar` ओळखलेला मजकूर वेगळ्या फाइलीत देते. थर तपासण्याचा तो सर्वांत सरळ उपाय आहे, कारण पीडीएफ उघडून पाहिल्यावर थर चांगला की वाईट हे दिसतच नाही. मजकुरात इंग्रजी शब्द विखुरलेले असतील तर `-l mar+eng` द्यावे लागते. एरवी रोमन शब्दांच्या जागी भलतीच देवनागरी उमटते.

शोध चुकण्याची कारणे : अक्षर बरोबर ओळखूनही शोध रिकामा येतो, अशी मराठीत तीन ठळक स्थाने आहेत. पहिले ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र हा ‘ऱ’ आणि हलन्त असाही लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असाही : दुसऱ्या, दुसर्‍या. दिसायला दोन्ही एक, संकेत वेगळे, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्यांना एक मानत नाही. थरात एक आणि शोधपेटीत दुसरे रूप आले की शब्द सापडत नाही. दुसरे स्थान ‘ॲ’. तो स्वतंत्र संकेतानेही लिहितात आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, आणि येथेही प्रमाणीकरण मदतीला येत नाही. थर मोठ्या संग्रहासाठी बनवायचा असेल, तर ही रूपे काढलेल्या मजकुरात आधीच एकसारखी करून घेणे आणि शोधाच्या शब्दावरही तोच संस्कार करणे, हाच उपाय आहे.

तिसरे स्थान जुन्या शुद्धलेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येण्यापूर्वीच्या छपाईत व्युत्पत्तीनुसार अनुस्वार दिले जात. ‘नाहीं’ छापलेले असेल तर ‘नाही’ शोधून ते सापडते, कारण अनुस्वार शेवटी आहे. ‘घरांत’ मात्र ‘घरात’ या शोधाला हुलकावणी देते. त्यातच वर सांगितलेली जाळ्याची सवय मिसळते : एकाच पानावर काही अनुस्वार टिकतात आणि काही गळतात, मग कोणतेही एक रूप शोधून सगळी स्थळे हाती येत नाहीत. अनुस्वारासह व अनुस्वाराविना असे दोन्ही शोध घ्यावेत. गळती झाली आहे का हे ओळखायला पानावरील ठिपके आणि काढलेल्या मजकुरातील अनुस्वार एका परिच्छेदापुरते ताडून पाहणे पुरते.

अचूकतेचे आकडे अक्षरांवर दिले जातात, शोध शब्दांवर होतो. दीड हजार अक्षरांच्या पानावर ९८ टक्के अचूकता म्हणजे तीस चुका; त्या वेगवेगळ्या शब्दांत पडल्या आणि पानावर तीनशे शब्द असले, तर दर दहांतला एक शब्द शोधाला मुकतो. विशेषनामे त्यांत अधिक असण्याचा संभव, कारण जाळ्याला ती अपरिचित असतात. आणि अभिलेखात नेमकी तीच शोधली जातात.

शिळाप्रेसवरील जुनी मराठी पुस्तके हस्ताक्षराच्या वळणाची असल्याने त्यांवर वरील पद्धत फारशी चालत नाही. मोडी कागदपत्रांसाठी टेसेरॅक्टच्या अधिकृत संचात प्रतिमान नाही. तेथे थर हवा असल्यास लिप्यंतर माणसानेच करून ते चौकटींसह बसवावे लागते.