लोड काढला की एकेक फेज उघडायला धोका नाही?

“ट्रान्सफॉर्मरवर लोडच नाही, मग केबलच्या पुरवठ्याकडच्या टोकाचे ड्रॉपआउट फ्यूज एकेक करून उघडले तर काय बिघडणार?”

नेमकं तेव्हाच बिघडतं. ११ केव्ही, ५०० केव्हीएचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर आणि ३०० मीटर केबल घ्या. केबलची कपॅसिटन्स किलोमीटरला ०.३ मायक्रोफॅरड धरली, तर दर फेजचा चार्जिंग करंट साधारण ०.१८ अँपिअर येतो. ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड करंटही जवळपास तेवढाच असतो. एक फेज उघडला की उरलेल्या फेजांतून वाइंडिंगमार्गे त्या फेजची केबल चार्ज होते. कोअर सॅच्युरेट होतो, केबलची कपॅसिटन्स आणि वाइंडिंग यांच्यात फेरोरेझोनन्स नावाचं दोलन सुरू होतं आणि उघड्या फेजवर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट व्होल्टेज चढू शकतं. टाकीतून घरघर येते, लाइटनिंग अरेस्टर तापून फुटतो. एकच फ्यूज उडाला तरी हेच घडू शकतं.

लो-टेन्शन बाजूला तिन्ही फेजवर हीटरसारखा रेझिस्टिव्ह लोड असेल तर हे दोलन बहुधा दबतं. ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ५-१० टक्के लोड पुरतो, पण लांब केबलला त्याची खात्री नाही. भरवशाचा उपाय म्हणजे तिन्ही पोल एकदम उघडणारा गँग स्विच. एकपोली स्विचच वापरायचा असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या अगदी टर्मिनलपाशी बसवा, म्हणजे मधे केबलच उरत नाही.