चाळीस सेकंदांत ‘पूर्ण’ सोडवलेलं गणित आणि चाळीस सेकंदांची ट्रिक

बारावीच्या मुलांच्या मोबाइलवर फिजिक्सचे दोन प्रकारचे छोटे व्हिडिओ फिरत असतात. दोन्हींच्या नावात ‘४० सेकंदांत’ असतं आणि दोन्हींच्या शेवटी उत्तर बरोबर येतं. एकात ट्रिक असते, दुसऱ्यात बोर्डाच्या पेपरात लिहायचं तसं अख्खं गणित. मुलं दोन्हीला ‘सोल्यूशन’ म्हणतात. हल्ली बनवणारेही म्हणायला लागलेत, म्हणून हे लिहायला बसलो.

ट्रिक तुम्हाला माहीत आहेच. ती मुळात सीईटीसाठी. तिथे फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, वर उत्तर कसं काढलं हे कोणी विचारत नाही. तिथे ट्रिक वापरायला माझी काहीच हरकत नाही. बोर्डाचं गणित वेगळं आहे. ७० गुणांना तीन तास, म्हणजे दोन गुणांच्या गणिताला जवळपास पाच मिनिटं मिळतात. पेपरात कोणालाही चाळीस सेकंदांत गणित सोडवायचं नसतं. व्हिडिओ चाळीस सेकंदांचा असतो तो बघणाऱ्यासाठी.

हस्ताक्षर की टाइप केलेलं, पांढरा कागद की काळा फळा, हे फरक फुटकळ आहेत. पार्श्वसंगीत मात्र मला अजिबात चालत नाही. आणि दीड मिनिटाचा व्हिडिओ वेग वाढवून चाळीस सेकंदांत कोंबणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

खरा प्रश्न एकच आहे: वेळ वाचवला तो कुठे?

पाठ्यपुस्तकी गणित घेऊ. साबणाच्या द्रावणाचा १ सेंटिमीटर त्रिज्येचा फुगा फुगवायला किती काम करावं लागेल? पृष्ठताण 2.5 × 10⁻² N/m. पूर्ण सोडवणाऱ्याच्या पडद्यावर शेवटी हे दिसतं:

```
r = 1 cm = 10⁻² m,  T = 2.5 × 10⁻² N/m
W = T × ΔA
ΔA = 2 × 4πr² − 0 = 8πr²
W = 8 × 3.142 × 10⁻⁴ × 2.5 × 10⁻²
W = 62.84 × 10⁻⁶
W = 6.284 × 10⁻⁵ J
```

आता आवाज. वर्गात आपण बोलतो तसंच: “त्रिज्या एक सेंटिमीटर, म्हणजे टेन रेज टू मायनस टू मीटर. टी दिलाय टू पॉइंट फाइव्ह इनटू टेन रेज टू मायनस टू. काम काढायचंय. काम म्हणजे टी गुणिले क्षेत्रफळातली वाढ. फुगा सुरुवातीला नव्हताच, म्हणून सगळं क्षेत्रफळ हीच वाढ. साबणाच्या फुग्याला पृष्ठभाग दोन, आतला आणि बाहेरचा. म्हणून दोन वेळा फोर पाय आर स्क्वेअर.” पुढे किमती, गुणाकार आणि जूल. सगळं मिळून साधारण शंभर शब्द होतात. सेकंदाला अडीच शब्द या शांत वेगाने बोललं तरी चाळीस सेकंदांत बसतात, धाप लागत नाही.

ट्रिकवाला म्हणतो, “बबल आला की एट पाय आर स्क्वेअर टी, किमती टाका, झालं.” म्हणजे त्याने गाळली ती दोन वाक्यं: ‘फुगा सुरुवातीला नव्हताच’ आणि ‘पृष्ठभाग दोन’. मोजून पंधरा शब्द, जेमतेम सहा सेकंद. उत्तर दोघांचं एकच, त्यामुळे काही हरवलंय हे बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने असाच व्हिडिओ दाखवून विचारलं, “सर, हे पण तेच आहे ना?” मी त्याला लगेच दुसरं गणित दिलं: तोच फुगा १ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटर त्रिज्येचा करायचा, आणखी किती काम? त्याने त्रिज्येतली वाढ १ सेंटिमीटर धरली, एट पाय आर स्क्वेअर टीमध्ये घातली आणि पुन्हा 6.284 × 10⁻⁵ लिहून दाखवलं. फुगा दुप्पट झाला तरी काम तेवढंच, याचं त्याला काही वाटलं नाही. खरं उत्तर असं:

```
ΔA = 8π (r₂² − r₁²) = 8π × (4 − 1) × 10⁻⁴
W = 1.885 × 10⁻⁴ J
```

बरोबर तिप्पट. आधी वर्ग, मग वजाबाकी. पहिल्या गणितात ‘− 0’ लिहिलेलं ज्याने पाहिलं असतं, त्याला इथे शून्याच्या जागी काय येणार हे दिसलं असतं. म्हणून तो बिनकामाचा वाटणारा शून्य मी पडद्यावरून काढू देत नाही. तीच गोष्ट दोनची. फुग्याऐवजी पाण्याचा थेंब आला तर पृष्ठभाग एकच उरतो आणि आठचे चार होतात. ‘आठ’ पाठ केलेला मुलगा थेंबालाही आठच लावतो.

मग पूर्ण सोडवणारा वेळ वाचवतो कुठे? प्रश्न वाचण्यात. प्रश्न पडद्यावर वर लिहिलेला असतो, तो मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही. नमस्कारात आणि ‘चला तर मग’मध्ये. आणि सगळ्यात जास्त, गणित निवडण्यात. वरच्या गणितात पायला आठाने गुणून 25.136, त्याला अडीचने गुणून 62.84, संपलं. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल असतं. वर्गमूळ किंवा वेडावाकडा भागाकार आला की लॉग बघणं, बेरीज-वजाबाकी, अँटिलॉग, हे सगळं बोलून दाखवायलाच चाळीस सेकंद जातात. अशा वेळी बरेच जण ‘लॉगने सोडवल्यावर’ म्हणून थेट उत्तरावर उडी मारतात. मुलं नेमकी तिथेच चुकतात, म्हणून अशा गणिताचा सरळ दोन मिनिटांचा व्हिडिओ करावा. चाळीसचा हट्ट कशाला?

आणखी एक चूक पूर्ण सोडवणारेही करतात: ओळ आधी दिसते आणि आवाज मागून येतो, किंवा उलट. त्याहून वाईट म्हणजे जुनी ओळ पुसून तिथेच नवी लिहिणं. बोर्डात सूत्राला, किमतींना आणि एककासह उत्तराला वेगवेगळे गुण असतात. शेवटचे दोन सेकंद सगळ्या ओळी एकाखाली एक उभ्या राहायला हव्यात, म्हणजे पोरगं व्हिडिओ थांबवून वहीत उतरवू शकतं. पडद्यावर उत्तरपत्रिकेत जाणारं तेवढंच लिहावं. ‘नव्हताच’, ‘आतला आणि बाहेरचा’ ही कारणं आवाजात.

समोरचा व्हिडिओ कुठल्या जातीचा हे ओळखायला मी दोनदा बघतो. एकदा आवाज बंद करून: नुसतं पडद्यावरचं उतरवलं तर पेपरात पूर्ण गुण मिळतील का? मग मोबाइल पालथा घालून, नुसतं ऐकून: आठ आले कुठून, हे कळलं का? त्या मुलाने आणलेल्या व्हिडिओत पडद्यावर दोनच ओळी होत्या, आणि पालथ्या मोबाइलमधून ऐकू आलं ते “बबल आला की एट पाय” आणि मागे ढोल.