चेक टाकला म्हणजे बिल भरलं?

‘शेवटच्या तारखेला बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलं तरी चालतं ना?’

नाही. सुट्टीमुळे क्रेडिट कार्डाची तारीख आपोआप पुढे जात नाही. नेट बँकिंगवरून एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, सुट्टीतही चालते. अडतो तो चेक.

समजा, तारीख 12 सप्टेंबर 2026. तुम्ही 11 ला, शुक्रवारी संध्याकाळी, लक्ष्मी रोडवरच्या पेटीत चेक टाकलात. तोवर पेटी रिकामी करून झाली होती. 12 ला दुसरा शनिवार, 13 ला रविवार, 14 ला गणेश चतुर्थी. पुण्यात त्या दिवशी बँक उघडी सापडणं म्हणजे कमालच! चेक क्लिअरिंगला जाणार मंगळवारी, 15 ला. हिशेब मात्र पैसे कार्ड खात्यात जमा झाल्याच्या तारखेवर होतो, पेटीत टाकल्याच्या नव्हे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लेट फी लागते. म्हणजे 15 ला जमा झाले तर थोडक्यात वाचलात. 16 उजाडली, तर दिवस 12 पासूनच मोजले जातात. व्याजाला मात्र ही सवलत नाही. स्टेटमेंटमध्ये जमा झाल्याची तारीख बघा, चेकवरची नको.