परुळ्याचा परुळेकर आणि कागदावरचा पारुलेकर

वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे गावात राहणाऱ्याला परुळेकर म्हणवून घेण्याची फारशी गरज नसते, कारण तिथे सगळेच परुळ्याचे. गावात माणूस ओळखला जातो तो परब, सावंत, गावडे, प्रभू अशा नावांनी. ‘कर’ चिकटतो तो बहुतेकदा गाव सोडल्यावर. म्हणून कोकणातलं गावावरून आलेलं आडनाव हे पूर्वजाच्या स्थलांतराची नोंद म्हणून वाचावं. मात्र एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची आणि धर्मांची माणसं बाहेर पडली. त्यामुळे आडनाव एक म्हणजे भावकी एक, असं धरता येत नाही. अलिबागजवळच्या किहीमवरून बेने इस्रायली कुटुंबांनी किहीमकर हे आडनाव घेतलं, तेही याच रीतीने.

पद आणि धंद्यावरून आलेली नावं वेगळ्या वाटेने टिकली. सारा गोळा करणारा तो खोत. खोती 1949 च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं. किनाऱ्यावरचे तांडेल, नाखवा, सारंग हे गलबतावरचे हुद्दे. त्यांतले नाखवा आणि सारंग फारसीतून आले. आज त्या घरातलं कोणी समुद्रावर जात नसलं तरी नाव तेच आहे.

लेखन बदलण्याचं मूळ मात्र लिपीत आहे. जुने दप्तर मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. तिथून बाळबोधीत नाव उतरवताना ‘रु’ लिहायचा की ‘रू’, हे कारकुनाने ठरवलं. नेरूरचंही तसंच. गावाचं नाव दीर्घ, पण प्रत्यय लागल्यावर ‘नेरुरात’ असं ऱ्हस्व करायची मराठीची रीत. मग ‘नेरूरकर’ आणि ‘नेरुरकर’ दोन्ही चालू राहिले, एकाच घरातसुद्धा.

खरी मोडतोड पुढे झाली. चाकरमानी मुंबईला गेला आणि शाळेत, गिरणीत, कचेरीत नाव रोमन लिपीत चढलं: Parulekar. या लिपीत ‘ळ’ला वेगळं अक्षर नाही, आणि ‘प’ व ‘पा’ दोन्ही pa. पुढे रोमनवरून पुन्हा देवनागरी यादी तयार करताना गाव ठाऊक नसलेल्याने ‘पारुलेकर’ लिहिलं. मालवणकरांचा ‘मालवनकर’ होतो तोही असाच. अक्षरं कुठे बिघडली आहेत ते पाहा: फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा असेल तर तो बहुधा मोडीचा किंवा शुद्धलेखनाचा, ‘ळ’चा ‘ल’ किंवा ‘ण’चा ‘न’ झाला असेल तर नाव बहुधा इंग्रजीतून फिरून आलेलं आहे.

वारसनोंदीच्या वेळी सातबाऱ्यावर एक आणि आधारवर दुसरं नाव निघालं की हेच फरक आडवे येतात. तेव्हा आधी गावाच्या नावाचा स्थानिक उच्चार बघावा, मग आजोबा-पणजोबांचा सर्वांत जुना कागद. आणि दोन परुळेकर एकाच कुळातले आहेत का, हे ठरवायचं तर स्पेलिंग बाजूला ठेवून कुलदैवत आणि गावातली मूळ वाडी विचारावी.