चिकनचा बोर्ड: लाकडी की प्लॅस्टिकचा?

डीन क्लिव्हर यांना लाकडी चॉपिंग बोर्डाची बाजू घ्यायचीच नव्हती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अन्नातल्या जंतूंवर काम करणारे हे संशोधक. लाकूड सच्छिद्र असतं, त्यात रक्त-पाणी मुरतं, म्हणून ते घाणेरडं आणि प्लॅस्टिक स्वच्छ, असं तेव्हा सगळेच धरून चालत होते. अमेरिकेचं कृषी खातंही घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचे बोर्ड वापरा असं सांगायचं. हा सल्ला कोणत्या प्रयोगावर आधारलेला आहे, असं क्लिव्हर यांच्या गटाने विचारलं, तेव्हा तसा पुरावा खात्याकडे नसल्याचं कळलं. तरीही गटाचा मूळ हेतू साधा होता: लाकडी बोर्ड प्लॅस्टिकच्या जवळपास सुरक्षित होईल अशी निर्जंतुक करण्याची पद्धत शोधायची.

त्यांनी वेगवेगळ्या जातींची लाकडं आणि वेगवेगळी प्लॅस्टिकं घेतली. त्यांवर साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलायचा एक घातक प्रकार मोजून सोडला. थोड्या वेळाने पृष्ठभागावरून किती जंतू परत मिळतात ते पाहिलं. एका जागी हजार ते दहा हजार जंतू सोडले, तेव्हा प्लॅस्टिकवरून ते सहज परत मिळाले. लाकडावरून मात्र तीन ते दहा मिनिटांतच फार कमी मिळू लागले. बोर्ड रात्रभर ठेवले, तर प्लॅस्टिकवरचे जंतू सकाळी जिवंत होते, आणि हवा दमट असेल तर वाढलेलेही होते. लाकडावर बहुतेक वेळा काही सापडलं नाही. १९९४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जंतू गेले कुठे? लाकूड म्हणजे अतिशय बारीक नळ्यांची जुडी. थेंब पडला की या नळ्या पाणी आत ओढतात आणि पाण्याबरोबर जंतूही आत जातात. क्लिव्हर यांच्या गटाने लाकूड फोडून पाहिलं तेव्हा आत काही जंतू सापडले, म्हणजे सगळे लगेच मेले नव्हते. पण आत त्यांची वाढ होत नव्हती आणि लाकूड सुकत जाईल तसे ते मरत होते. मला या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. ज्या सच्छिद्रपणामुळे लाकडाला दोष दिला जात होता, तोच इथे जंतूंना वरून काढून सुकवत होता.

प्लॅस्टिकची गोष्ट उलटी आहे. नवा कोरा प्लॅस्टिकचा बोर्ड साबणाने घासला की खरोखर स्वच्छ होतो, कारण जंतूंना लपायला जागाच नसते. पण सहा महिने त्यावर सुरी चालली की तो कोरा राहत नाही. प्लॅस्टिक सुरीखाली कापलं जातं आणि अरुंद, खोल चरे पडतात. या चऱ्यांत कोंबडीची चरबी बसते आणि जंतू तिच्या आड सुरक्षित राहतात. घासणीचे धागे तिथवर पोचत नाहीत. प्रयोगात असा चरे पडलेला, चरबी लागलेला प्लॅस्टिकचा बोर्ड हाताने धुऊन निर्जंतुक करणं फार अवघड गेलं. लाकडी बोर्ड नवा असो की वापरलेला, फारसा फरक पडला नाही.

मटणाच्या दुकानातला चिंचेचा ठोकळा आठवा. तो झाडाच्या आडव्या कापाचा असतो, म्हणजे लाकडाचे तंतू उभे असतात. सुरा त्या तंतूंच्या मधून जातो आणि बाहेर आला की तंतू पुष्कळसे पुन्हा मिटतात. वर्षानुवर्षं घाव सोसून तो टिकतो याचं एक कारण हे आहे. अर्थात दिवसभर ओला राहणारा ठोकळा आणि रात्री सुकणारा घरचा बोर्ड यांची बरोबरी करता येणार नाही.

इथे थांबून लाकडाचा जयजयकार करणं चुकीचं ठरेल. लाकडाची ही किमया काही अटींवर चालते. क्लिव्हर यांच्याच प्रयोगात जंतूंची संख्या लाखांच्या पुढे नेली, तेव्हा लाकडावरूनही काही जंतू परत मिळाले. लाकूड आधीच ओलं असेल तरही ही किमया चालत नाही. नळ्या पाण्याने भरलेल्या असतील तर नवं पाणी आत ओढणार कुठे? कॅलिफोर्नियात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साल्मोनेलाने आजारी पडलेल्यांची आणि न पडलेल्यांची तुलना केली होती. लाकडी बोर्ड वापरणाऱ्यांमध्ये आजाराचं प्रमाण कमी आणि प्लॅस्टिक किंवा काचेचा वापरणाऱ्यांमध्ये जास्त दिसलं. हे लाकडाच्या बाजूने बोलतं, पण असा अभ्यास फक्त संबंध दाखवतो. लाकडी बोर्ड वापरणारी माणसं आणखी कोणत्या बाबतीत वेगळी होती, हे त्यातून पूर्ण कळत नाही.

आणि नेमक्या धोक्याच्या वेळी लाकूड तुम्हाला वाचवत नाही. रविवारचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. सव्वाअकराला चिकन बोर्डावर घेतलं, तुकडे केले, पातेल्यात टाकले. बोर्डावर गुलाबी पाणी साचलेलं आहे. नळाखाली धरून हात फिरवला, ओट्यावरच्या ओल्या फडक्याने पुसला, आणि अकरा पंचवीसला त्याच बोर्डावर कोशिंबिरीसाठी कांदा-काकडी चिरली. मधे गेली दहा मिनिटं. बोर्ड भिजलेला, त्यावर चिकनची चरबी, जंतू पुष्कळ. लाकडाच्या अटींपैकी एकही पुरी झालेली नाही.

चिकन शिजणार आहे. मधोमध ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की त्यातले जंतू मरतात. त्याच पातेल्यात पडणारा रश्श्याचा कांदा चिकनच्या बोर्डावर चिरला तरी बिघडत नाही, कारण तोही शिजतो. कोशिंबीर शिजत नाही.

किती जंतू पुरतात? कोंबडीतून येणाऱ्या जुलाबांचं एक मोठं कारण म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू. ब्रिटनमध्ये एका संशोधकाने दुधातून स्वतः या जंतूच्या सुमारे ५०० पेशी घेतल्या आणि तो आजारी पडला. १९८१ साली ते प्रसिद्ध झालं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने दुकानातल्या कोंबड्यांच्या मानेची कातडी तपासली, तेव्हा एका ग्रॅममध्ये हजारापेक्षा जास्त जंतू असलेली कोंबडी सर्वांत दूषित गटात धरली. अशा कोंबडीच्या अर्ध्या ग्रॅम कातडीवर ते ५०० जंतू असू शकतात. अर्धा ग्रॅम म्हणजे अगदी छोटासा तुकडा. हा जंतू साध्या हवेत, ओट्यावर वाढत नाही आणि सुकल्यावर लवकर मरतो. त्याला वाढण्याची गरजच नसते. काकडीच्या एका फोडीवर बसून ताटापर्यंत पोचणं त्याला पुरतं.

म्हणून वेगळा बोर्ड हवा. आमच्याकडे कोकणात मासळीची विळी वेगळी ठेवणारी घरं पुष्कळ आहेत, आणि वशाटाची भांडी वेगळी ठेवण्याची रीत तर महाराष्ट्रभर होती. ती रीत सोवळ्या-ओवळ्यातून आली असली तरी तिने अनेक घरांत एक विळी कच्च्या मासळीपासून दूर ठेवली. फक्त जंतूंच्या हिशोबात रेघ शाकाहार आणि मांसाहार यांच्यामध्ये पडत नाही. ती कच्चं मांस आणि जसंच्या तसं पोटात जाणारं अन्न यांच्यामध्ये पडते. भाजलेलं चिकन सँडविचसाठी चिरायला कच्च्या चिकनचाच बोर्ड घेतला, तर दोन्ही पदार्थ मांसाहारी असूनही चूक तीच होते. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत बोर्डांचे रंग ठरवतात ते यासाठीच. ब्रिटिश पद्धतीत कच्च्या मांसाला लाल, कच्च्या मासळीला निळा, शिजलेल्या मांसाला पिवळा, सॅलड आणि फळांना हिरवा बोर्ड असतो. घरी दोन पुरे आहेत. ते लांबूनही वेगळे ओळखू यावेत, म्हणजे घाईत हात चुकीच्या बोर्डाकडे जात नाही.

मग चिकनचा बोर्ड कशाचा? डिशवॉशर असेल तर माझं मत प्लॅस्टिकच्या बाजूने आहे, कारण तिथलं कडकडीत पाणी आणि डिटर्जंट चऱ्यांपर्यंत पोचतं. लाकडी बोर्ड तिथे फुगून तडकतो. हाताने धूत असाल तर खोल चरे नसलेला प्लॅस्टिकचा, किंवा घट्ट पोताचा आणि एका रात्रीत सुकू शकणारा लाकडी, दोन्ही चालतील. मात्र पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवा इतकी दमट असते की लाकडी बोर्ड सकाळपर्यंत ओलाच राहतो. मग लाकडाचा मुख्य गुण, सुकवून मारण्याचा, लंगडा पडतो आणि वर बुरशीही धरते. त्या चार महिन्यांत मी चिकनसाठी प्लॅस्टिकच वापरते.

धुताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुरीच्या पाठीने चिकटलेले कण खरवडून टाका. मग साबण आणि हाताला सोसेल इतकं गरम पाणी घेऊन कापाच्या दिशेने घासा. गार पाण्यात चरबी घट्ट होऊन चऱ्यांत बसते. धुऊन झाल्यावर बोट फिरवा. बुळबुळीत, चिकट लागलं तर चरबी राहिलेली आहे आणि पुन्हा घासायला हवं. हळदीचा पिवळा डाग मात्र घाणीची खूण धरू नका. हळदीचा रंग प्लॅस्टिकमध्येच मुरतो आणि धुतल्यावरही राहतो.

त्यानंतर प्लॅस्टिकच्या बोर्डाला ब्लीच लावता येतं. लिटरभर पाण्यात साधं, सुगंध न घातलेलं घरगुती ब्लीच चहाच्या चमचाभराहून थोडं कमी घाला, बोर्डावर काही मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच नेहमी साबणानंतर लावायचं, कारण ब्लीचमधला क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय घाणीवर खर्ची पडतो. लाकूड स्वतःच सेंद्रिय असल्याने त्यावर ब्लीचचा जोर पुष्कळ कमी होतो, म्हणून लाकडासाठी साबण, गरम पाणी आणि सुकवणं यावरच भिस्त ठेवा. मासळीचा वास जावा म्हणून लिंबाची फोड घासली तर वास कमी होतो, पण तेवढ्याने बोर्ड निर्जंतुक होत नाही. आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही ब्लीचमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बोर्ड फडक्याने पुसण्यापेक्षा भिंतीला टेकवून उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. चिकन पुसलेला फडका तर लगेच धुवायला टाका. नाहीतर तोच फडका दुसऱ्या बोर्डावर फिरतो आणि बोर्ड वेगळे ठेवल्याचा उपयोग राहत नाही. प्लॅस्टिकच्या चऱ्यांत नख अडकू लागलं की तो बोर्ड टाकून द्यायची वेळ आली. लाकडी असेल तर पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढता येतो, पण उभी चीर गेलेला लाकडी बोर्ड ठेवू नये.

घरात एकच बोर्ड असेल तर काकडी आणि कांदा आधी चिरा, कोशिंबीर झाकून बाजूला ठेवा, आणि चिकन सगळ्यात शेवटी घ्या.